किल्ल्यावरचं ऊन, आठ मिलिमीटरमधून

मैत्रिणीच्या लघुपटात नव्वद सेकंदांचा एक तुकडा होता. साल १९६९, पुण्यातल्या वाड्याचं अंगण, दिवाळीचा किल्ला आणि किल्ल्याभोवती मुलं. हे सगळं घरातल्याच कुणीतरी आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर टिपलंय असं दिसायला हवं होतं. संकलन माझ्याकडे असल्यानं हा तुकडाही माझ्याकडे आला. बाजारात तयार मिळणारे धुळीचे आणि नारिंगी उजेडाचे थर चित्रावर टाकले तर काम तासाभरात उरकतं. पण ज्यानं लहानपणी भिंतीवर पांढरी चादर लावून स्वतःच्या घरची रिळं पाहिलीत, त्याला ते पहिल्याच क्षणी खटकतं. असा एक माणूस आमच्या शेजारीच राहतो.

शेजारच्या काकांकडे चावीचा जुना कॅमेरा आहे आणि एका पत्र्याच्या डब्यात रिळं आहेत. त्यांनी दोन रिळं मला वापरायला दिली. एक कोडॅकच्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मचं, दुसरं कुठल्या तरी वेगळ्या फिल्मचं. त्याच्या खोक्यावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली होती. दोन्ही रिळं स्कॅन करून घेतली, आणि स्कॅन करणाऱ्याला मुद्दाम सांगितलं की चौकट थोडी मोठी ठेवा, कडेची भोकंसुद्धा दिसू द्या. पुढचं बहुतेक सगळं मला त्या भोकांनीच शिकवलं.

आधी थोडं यंत्राविषयी. कोडॅकनं १९३२ साली आणलेली जुनी आठ मिलिमीटर पद्धत म्हणजे खरं तर सोळा मिलिमीटर रुंदीची फिल्म. पंचवीस फुटांचं रीळ कॅमेऱ्यातून एकदा जातं आणि फिल्मची अर्धी रुंदी भरते. मग कॅमेरा उघडायचा, रीळ उलटं लावायचं आणि उरलेली अर्धी बाजू चित्रित करायची. धुलाईनंतर प्रयोगशाळा फिल्म मधोमध उभी चिरते आणि दोन पट्ट्या एकमेकींना जोडून पन्नास फुटांचं एक रीळ परत देते. फुटाला ऐंशी फ्रेम आणि सेकंदाला सोळा, म्हणजे एका बाजूला जेमतेम दोन मिनिटं. १९६५ साली सुपर आठ आली, तिची फिल्म बंद डबीत असते. पण १९६९ च्या वाड्यात जुनाच कॅमेरा असणार, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवून टाकलं. त्या एका निर्णयावर पुढचं सगळं अवलंबून होतं. कॅमेरा आणि फिल्म ठरवल्याशिवाय ‘जुना लूक’ म्हणजे नेमकं काय, हे सांगताच येत नाही.

पटकथेत हा प्रसंग संध्याकाळचा होता. पणत्या लागल्यात, किल्ल्यावर मावळे उभे आहेत. मी मैत्रिणीला म्हटलं, “संध्याकाळी हे रीळ कुणी चालवलंच नसतं.” त्या काळच्या कोडाक्रोम दोनची संवेदनशीलता पंचवीस होती. आजचा साधा फोनसुद्धा याच्या कितीतरी पट जास्त उजेड पकडतो. पणतीच्या प्रकाशात त्या फिल्मवर काळोख आणि फार तर ज्योतीचे दोन-चार ठिपके आले असते. तिनं प्रसंग नरकचतुर्दशीच्या सकाळी नेला. मुलांची अंघोळ झालेली, नवे कपडे, केस तेलानं चप्प बसवलेले, अंगणात लख्ख ऊन, आणि किल्ल्यावर पेरलेले हळीव हिरवे झालेले. प्रसंग उलट खुलला, कारण घरगुती रिळांमध्ये ऊन असतंच. ऊन नसेल तर कॅमेरा कपाटातून बाहेरच येत नसे.

चित्रीकरणात दोन गोष्टींवर मी हटून बसले. पहिली भिंगाची. जुन्या आठ मिलिमीटर कॅमेऱ्यांवर बहुधा तेरा मिलिमीटरच्या आसपासचं एकच भिंग असे आणि फ्रेम साडेचार मिलिमीटर रुंद. म्हणजे भिंगाची लांबी फ्रेमच्या रुंदीच्या जवळजवळ तिप्पट. चित्राचा कोन फक्त वीस अंशांचा होतो, त्यामुळे माणूस पूर्ण मावायचा तर कॅमेरेवाल्याला चांगलंच मागं जावं लागतं. आमच्या एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या सोळा-नऊ व्हिडिओतून चार-तीन प्रमाणाची चौकट काढली की तिची रुंदी सेन्सरवर सुमारे साडेसतरा मिलिमीटर उरते. तोच कोन मिळवायला पन्नास मिलिमीटरचं भिंग लागलं. रुंद भिंगानं जवळ जाऊन काढलेलं दृश्य नंतर कितीही पिवळं करा, ते फोनवरचंच वाटतं.

दुसरी गोष्ट फोकसची. लख्ख उन्हात त्या फिल्मला एफ-अकराच्या आसपासचं छिद्र लागे, आणि इतक्या छोट्या फ्रेमवर त्या छिद्रानं जवळच्या पायरीपासून मागच्या कौलांपर्यंत सगळंच स्पष्ट येई. पाठीमागचं धूसर करून चेहरा उठवण्याची आजची सवय इथे पूर्ण चुकीची ठरते. आमच्या छायाचित्रकारानं एफ-सोळा ठेवलं. चित्र किंचित मऊ झालं, पण मऊपणा पुढे हवाच होता. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद केलं. हात हलला की चित्र हलायला हवं होतं.

काकांना चित्रीकरणाला बोलावलं होतं. छायाचित्रकारानं एक लांबलचक शॉट घेतला, तेव्हा काका मला म्हणाले, “अगं, इतका वेळ कुणी बटण दाबून धरत नसे. एकदा चावी भरली की अर्धा मिनिट चालणार, आणि रीळ संपलं की पुढच्या सणापर्यंत थांबायचं. पाच सेकंद मुलांचे, पाच सेकंद किल्ल्याचे, मग बंद.” त्यानंतर सगळे शॉट पाच ते आठ सेकंदांचे घेतले. मुलांनाही त्यांनी एकच सूचना दिली: कॅमेऱ्याकडे बघायचं आणि काहीतरी करून दाखवायचं. त्या काळी चित्र हलतं म्हणून माणसं फोटोसारखी गप्प उभी राहत नसत. हात हलवत, टोपी उडवत, एकमेकांना पुढं ढकलत.

आता वेग. सोळा फ्रेमवर चित्रीकरणाची सोय आमच्या कॅमेऱ्यात नव्हती. सेकंदाला पन्नास फ्रेमनं चित्रित केलं आणि दर तिसरी फ्रेम ठेवली. उरतात सेकंदाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश. पंचवीस फ्रेमच्या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत जुनी आठ मिलिमीटर रिळं व्हिडिओवर उतरवताना हाच वेग वापरला जाई, त्यामुळे डोळ्यांनाही तो ओळखीचा आहे. शटर एक-पन्नासांश सेकंदाचं ठेवलं. जुन्या कॅमेऱ्याचं साधारण एक-पस्तिसांश असे, म्हणून आमच्या चित्रातली हालचाल किंचित कमी पुसट आहे. भुईचक्र फिरवणाऱ्या हातात तेवढा फरक दिसतो, बाकी कुठे नाही.

फ्रेम वेगळ्या काढायला हा आदेश वापरला:

```
ffmpeg -i killa.mov -vf "framestep=3,crop=ih*4/3:ih,scale=1440:1080" -pix_fmt rgb48le killa_%04d.tif
```

व्हिडिओऐवजी सुट्या चित्रांची मालिका करण्यामागे कारण आहे, आणि या सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. फिल्मची प्रत्येक गोष्ट फ्रेमगणिक घडते. दाणा, म्हणजे फिल्मचा बारीक रवाळपणा, फ्रेमगणिक बदलतो, धुळीचा कण एकाच फ्रेमवर असतो, आणि गेटमधली, म्हणजे ज्या खिडकीसमोर प्रत्येक फ्रेम थांबते तिच्यातली, थरथर एका फ्रेमकडून पुढच्या फ्रेमकडे होते. आपण पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर आधी चित्र पसरवलं आणि मग त्यावर दाणा नि थरथर घातली, तर मुलाचा हात दोन फ्रेमभर जागीच थांबलेला आणि त्याच वेळी वरची धूळ मात्र पळतेय, असं होतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्रावर काहीतरी चिकटवलंय हे जाणवतं. म्हणून सगळं काम या पंधराशे सुट्या चित्रांवर करायचं आणि पंचवीसमध्ये पसरवणं अगदी शेवटी. पसरवताना दोन फिल्म-फ्रेमना तीन व्हिडिओ-फ्रेम मिळतात: पहिली, मग दोघींचं मिश्रण, मग दुसरी. जुन्या कॅसेटवरच्या घरगुती चित्रपटांत थांबवून पाहिलं तर हीच दुहेरी फ्रेम सापडते.

पुढचा प्रश्न उजेडाच्या गळतीचा. मैत्रिणीला आजी किल्ल्यावर पणती ठेवायला येते त्या क्षणी चित्रावर केशरी उजेड पसरायला हवा होता. तिला तो भावनेसाठी हवा होता. मी तिला काकांचं रीळ दाखवलं. त्यात उजेड फक्त तीन ठिकाणी होता: सुरुवातीला, शेवटी आणि बरोबर मधे. मधे का, तर तिथे रीळ उलटलं होतं. ही रिळं उजेडातच कॅमेऱ्यात घालत. दोन्ही टोकांना काही फूट फिल्म त्यासाठी जास्तीची दिलेली असे, पण सावली सापडली नाही किंवा घाई झाली की उजेड रिळाच्या कडांतून आणखी आत शिरे. रीळ धावत असताना झाकण बंदच असतं, त्यामुळे ऐन प्रसंगात उजेड फुटण्याचं काही कारण नसतं, झाकणाला फट असल्याशिवाय.

यातूनच मार्ग निघाला. नव्वद सेकंदांपैकी पंचावन्नाव्या सेकंदाला रिळाची पहिली बाजू संपते असं आम्ही मानलं. मुलं भुईचक्र फिरवताहेत, चित्र तांबूस होत होत पांढरं पडतं. कॅमेरेवाला सावलीत जाऊन रीळ उलटतो. पुन्हा पांढऱ्यातून पिवळं, केशरी, लाल, आणि चित्र येतं तेव्हा मुलांच्या जागा बदललेल्या आहेत आणि आजी हातात पणती घेऊन पायरी उतरते आहे. मैत्रिणीला हवा असलेला केशरी उजेड हव्या त्या क्षणी मिळाला आणि यंत्राच्या नियमातही बसला. दिवसा पणतीची ज्योत दिसत नाही, पण आजीचा हात दिसतो, आणि तिला तेवढंच हवं होतं.

पांढरं, पिवळं, केशरी, लाल हा क्रमही मनाचा नाही. ही फिल्म रिव्हर्सल असते, म्हणजे कॅमेऱ्यातली फिल्मच धुऊन पडद्यावर दाखवतात, वेगळी प्रत निघत नाही. तिच्यावर उजेड जास्त पडला की रंगद्रव्य तयार होत नाही आणि फिल्म पारदर्शक उरते, पडद्यावर पांढरी. तिच्यात एकावर एक थर असतात: निळ्या, हिरव्या आणि लाल उजेडासाठी. कडेनं शिरलेला उजेड फिल्ममधून जाताना निळा भाग वाटेत शोषला जातो, त्यासाठी थरांमध्ये एक पिवळी गाळणीच असते. त्यामुळे लाल उजेड सर्वांत आतवर पोचतो, हिरवा त्याहून कमी, निळा सर्वांत कमी. जिथं तिन्ही पोचले तिथं पांढरं, दोन पोचले तिथं पिवळं, एकटा लाल पोचला तिथं लाल.

मग मी एका केशरी थराऐवजी तीन वेगळे मऊ मुखवटे केले. तिन्ही डाव्या कडेपासून सुरू होणारे, कारण चिरण्याआधीच्या सोळा मिलिमीटर फिल्मची बाहेरची कड म्हणजेच भोकांची बाजू, आणि आमच्या स्कॅनमध्ये भोकं डावीकडे होती. लाल चॅनलचा मुखवटा चित्राच्या साधारण पंचेचाळीस टक्के रुंदीपर्यंत, हिरव्याचा वीस टक्क्यांपर्यंत, निळ्याचा आठ. रंग निवडावा लागलाच नाही, तिघांच्या रुंदीतून तो आपोआप झाला. पूर्ण पांढरं पडतं त्या ठिकाणी तिन्ही रुंद होत जाऊन चौकट व्यापतात.

या उजेडाला एक लय असते, ती मला काकांच्या रिळात फ्रेम मोजताना सापडली. उजेड गुंडाळलेल्या रिळाच्या एका बाजूनं शिरतो, त्यामुळे रीळ उलगडताना प्रत्येक वेढ्याला तो पुन्हा तिथंच भेटतो. भरलेल्या रिळाचा व्यास पाचेक सेंटीमीटर धरला, तर परीघ साडेपंधरा सेंटीमीटरच्या आसपास आणि एका फ्रेमची उंची ३.८१ मिलिमीटर. म्हणजे दर चाळीस फ्रेमना, साधारण अडीच सेकंदांनी, उजेड वाढतो आणि ओसरतो, आणि दर वेढ्याला थोडा मंद होतो. मुखवट्यांच्या रुंदीला मी हीच लय दिली. दुसरी बाजू सुरू झाल्यावर लाल छटा दोनदा श्वास घेतल्यासारखी येते आणि तिसऱ्यांदा जेमतेम कड उजळून जाते. बाजारातल्या तयार थरांमध्ये उजेड चित्रभर भटकत असतो, इथे तो एका कडेशी बांधलेला आहे.

फिक्या रंगाचं काम मात्र आधी ज्या पद्धतीनं होत आलंय त्याच्या बरोबर उलट दिशेनं करावं लागतं, असं माझं मत झालं आहे. सर्रास काय करतात, तर सगळ्या चित्रावर पिवळी-तांबूस छटा चढवतात. त्यामुळे मुलांचे पांढरे सदरेही पिवळे होतात. काकांचं ते खोक्यावरची अक्षरं पुसलेलं रीळ पाहा: सदरे जवळजवळ पांढरेच आहेत. बदललाय तो काळा रंग. दाराच्या आतला अंधार जांभळट तपकिरी झालाय, मुलांचे केस लालसर. याचं कारण असं की फिल्मवर काळा म्हणजे तिन्ही रंगद्रव्यांचा जाड थर आणि पांढरा म्हणजे रंगद्रव्य नाहीच. वर्षानुवर्षं द्रव्य विरतं, पण जिथं ते होतं तिथंच विरणार. अंधारात ठेवलेल्या अनेक जुन्या फिल्ममध्ये निळसर-हिरवं द्रव्य, म्हणजे सायन, आधी जातं. ते लाल उजेडाला अडवत असतं. ते गेलं की सावल्यांमधून लाल बाहेर येतो.

हे हिशेबात आणणं सोपं आहे. द्रव्याची घनता एका ठरावीक प्रमाणात घटली, तर उजेडाच्या सरळ प्रमाणातल्या किमतीला तोच घातांक लागतो. सायन तीस टक्के विरलं आणि पिवळं द्रव्य पंधरा टक्के, असं आम्ही धरलं:

```
R' = R^0.70
G' = G
B' = B^0.85
```

यातल्या किमती ० ते १ च्या दरम्यान आणि गॅमा काढलेल्या हव्यात, नाहीतर हिशेब चुकतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमधली गॅमाची सरकपट्टी उलट घातांक वापरते, तिथे लालसाठी 1.43 आणि निळ्यासाठी 1.18 द्यावं लागतं. आणखी एक: डिजिटल काळा पूर्ण शून्य असतो, त्याला कुठलाही घातांक लावला तरी तो शून्यच राहतो आणि खोल सावल्या शुद्ध काळ्या उरतात. म्हणून आधी सगळ्या चित्रात ०.०१ इतका उजेड मिसळला. फिल्मवरचा काळाही कधी पूर्ण काळा नसतो.

परिणाम आकड्यांत पाहा. पडद्यावरची 25, 25, 25 ही गडद सावली 56, 25, 38 होते, म्हणजे जांभळट लाल. मधला करडा 118, 118, 118 होता, तो 149, 118, 133 होतो, फिकट गुलाबी. पांढरा 255 तिथंच राहतो. एकाच सूत्रातून सदरा पांढरा राहिला, दारातला अंधार लालसर झाला आणि हळिवाचा हिरवा मातकट झाला. नंतर मी फक्त पांढऱ्यात अगदी थोडा पिवळेपणा दिला, कारण आमच्या स्कॅनमध्ये रिकामी फिल्मही किंचित पिवळट होती.

गंमत म्हणजे काकांचं दुसरं रीळ, कोडाक्रोम, अजून टवटवीत आहे. त्यातली लाल साडी काल रंगवल्यासारखी दिसते. अंधारात ठेवलेलं कोडाक्रोम फार टिकतं. त्याच्यात रंग तयार करणारे घटक फिल्ममध्ये नसत, धुलाईच्या वेळी मिळत. म्हणून कुणी ‘कोडाक्रोम लूक’ म्हणून विटलेला गुलाबी रंग दाखवला तर माझं मन मानत नाही. आमच्या तुकड्यासाठी मैत्रिणीला विटलेपण हवं होतं, म्हणून आम्ही फिल्म दुसरी धरली. पटकथेतल्या कपाटातल्या खोक्यावर ‘कोडाक्रोम’ हे नाव येणार होतं. ते मी काढायला लावलं. पडद्यावर ते वाचायला कुणी थांबणारही नाही, पण ते चूक होतं.

क्रमाचं एक भान ठेवावं लागतं. उजेडाची गळती १९६९ मधली, विटणं त्यानंतरच्या वर्षांतलं. म्हणून गळती आधी मिसळायची आणि विटण्याचं सूत्र नंतर लावायचं. उलट केलं तर लाल उजेड ताजा राहतो आणि चित्र जुनं, दोघांचं वय जुळत नाही. दाणा विटण्याच्या आधी, कारण तो द्रव्याचाच बनलेला आहे. थरथर त्यानंतर. धूळ आणि ओरखडे शेवटी, कारण ते रीळ हाताळताना पडले.

आता थरथर. स्कॅनमध्ये भोकं आणि कॅमेऱ्याच्या गेटची कड दोन्ही दिसत होत्या. भोकं स्थिर करून गेटची कड किती हलते ते फ्रेमगणिक पाहिलं. आडवी हालचाल संथ होती, एका बाजूला वाहत जायची आणि परतायची, १४४० पिक्सेल रुंदीत चारेक पिक्सेल. फिल्मला बाजूनं धरणाऱ्या पट्ट्यांमध्ये थोडी सैल जागा असते, तिच्यात ती सरकते. उभी हालचाल त्याच्या निम्मी, पण दर फ्रेमला वेगळी, कारण फिल्म खाली ओढणारा आकडा प्रत्येक वेळी भोकात अगदी तसाच बसत नाही. तयार परिणामांमध्ये बहुतेक दोन्ही दिशांना सारखीच हालचाल मिळते आणि ती फार जास्त असते. मग रीळ जुनं वाटायच्या ऐवजी प्रोजेक्टर मोडका वाटतो.

फ्यूजन या सॉफ्टवेअरमधल्या ट्रान्सफॉर्म नोडच्या केंद्राला ही ओळ दिली:

```
Point(0.5 + 0.002*sin(time*0.13) + 0.001*sin(time*0.37+1.7), 0.5 + 0.0012*sin(time*2.1) + 0.0008*sin(time*1.3+0.6))
```

आडव्या भागाची मोठी लाट अठ्ठेचाळीस फ्रेमची, छोटी सतरा फ्रेमची. उभ्या भागाच्या लाटा तीन आणि पाच फ्रेमच्या, म्हणून त्या लाटा न वाटता थरथर वाटतात. याखेरीज दोन पट्ट्यांच्या जोडावर, पंचावन्नाव्या सेकंदाला, एका फ्रेमपुरता चित्राला वर एक झटका दिला, वीस पिक्सेलचा. जोड प्रोजेक्टरच्या गेटमधून जाताना तसा धक्का बसतोच.

आणि चौकट. पडद्यावर जी काळी कड दिसते ती प्रोजेक्टरच्या मुखवट्याची, ती हलत नाही. हलतं ते तिच्या आतलं चित्र. बऱ्याच ठिकाणी गोल कोपऱ्यांची काळी चौकट चित्रासोबतच थरथरताना दिसते, तो प्रकार पाहून मला नेहमी वाईट वाटतं. चित्र तीन टक्के मोठं केलं, त्याला थरथर दिली, आणि किंचित धूसर कडेचा मुखवटा सर्वांत वर स्थिर ठेवला. चित्राच्या एका बाजूला अडकलेला केसासारखा तंतू मात्र कॅमेऱ्याच्या गेटमधला, म्हणून तो चित्राबरोबर हलतो आणि रीळ उलटेपर्यंत जागचा जात नाही. रीळ उलटताना गेट पुसलं असं धरून दुसऱ्या बाजूला तो नाही.

लुकलुक जवळजवळ घातलीच नाही. त्या प्रोजेक्टरांची शटर बहुधा तीन पात्यांची असत, एकेक फ्रेम तीनदा उजळे, सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा. घरात बसून पाहणाऱ्याला फार लुकलुक दिसतच नसे. ती दिसते प्रोजेक्टरचा पडदा व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपला तर. फक्त प्रत्येक शॉटची पहिली फ्रेम थोडी जास्त उजळ ठेवली. कमान सुटून वेग येईपर्यंत त्या फ्रेमला जास्त उजेड मिळतो, आणि काकांच्या रिळात प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी ती पांढुरकी टिचकी होतीच.

काकांना आमच्या हॉलमध्ये, भिंतीवर, प्रोजेक्टरवरून तुकडा दाखवला. रीळ उलटण्याच्या जागी चित्र पांढरं झालं तसे ते म्हणाले, “आता सावलीत गेला असेल.” मग आजीची फ्रेम आली आणि त्यांनी विचारलं की दुसरी बाजू इतक्या लवकर कशी सुरू झाली, पहिली तर दोन मिनिटं चालायला हवी. बरोबर होतं. लघुपटात आधीचा भाग गाळून मधूनच सुरुवात आहे, हे कळायला काही नव्हतं. मैत्रिणीनं मग तुकड्याच्या आधी प्रोजेक्टरचं फिरतं रीळ दाखवणारा एक शॉट जोडला, त्यात डावीकडचं रीळ पाव भागाहून थोडं जास्त रिकामं झालेलं आहे.

सध्या दुसऱ्या एका कामासाठी हाच तुकडा सुपर आठमध्ये बदलून हवा आहे, साल १९७८ चं. तिथे वेग अठरा फ्रेम आणि फ्रेम थोडी मोठी. रीळ उलटणं नाही, म्हणून मधला उजेड पूर्ण काढला. फिल्म बंद डबीत असते, उजेड लागलाच तर डबी मधेच काढली तेव्हा गेटसमोर असलेल्या दोन-चार फ्रेमना. थरथर मात्र वाढवावी लागते, कारण फिल्मला दाबून धरणारी पट्टी कॅमेऱ्यातली धातूची नसते, डबीतलीच प्लास्टिकची असते. पन्नास फ्रेमच्या चित्रीकरणातून अठरा नीट निघत नाहीत, त्यामुळे काही शॉट छत्तीसच्या वेगानं नव्यानं घ्यायला छायाचित्रकाराला सांगितलं आहे.